क्रिटिकल व्हॅल्यूचा फोन: कधी करायचा, कसा पूर्ण करायचा, काय लिहायचं

प्रश्न: मी बायोकेमिस्ट्रीत नुकतीच रुजू झाले आहे. क्रिटिकल व्हॅल्यू आली की फोन करायचा, रीड-बॅक घ्यायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, एवढंच सांगितलंय. पण फोनआधी टेस्ट रिपीट करायची का? समोरच्याकडून नक्की काय म्हणवून घ्यायचं? वेळेची मर्यादा कुठून कुठपर्यंत मोजतात आणि रजिस्टरमध्ये नेमकी कुठली वेळ लिहायची?

उत्तर: एकच रिझल्ट हातात घेऊन शेवटपर्यंत जाऊ, म्हणजे तुमचे सगळे प्रश्न वाटेत भेटतील. समजा, मेडिकल वॉर्डमधल्या एका भरती रुग्णाचं सीरम पोटॅशियम ६.९ मिलिमोल प्रति लिटर आलं. नेहमीची पातळी साधारण ३.५ ते ५.१ असते. क्रिटिकलची वरची मर्यादा कुठे ६.० असते, कुठे ६.५, ती प्रत्येक लॅब आपल्याकडच्या डॉक्टरांशी बोलून ठरवते. म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये शिकलेला आकडा इथे लावू नका, भिंतीवर लावलेली स्वतःच्या लॅबची यादीच बघा. यातली कुठलीही मर्यादा धरली तरी ६.९ क्रिटिकलच ठरतं, कारण या पातळीला हृदयाची लय कधीही बिघडू शकते आणि तरीही रुग्ण वरवर बरा दिसत असू शकतो.

वेळा अशा धरू. रक्त घेतलं ९:१० ला, ट्यूब लॅबमध्ये आली ९:४२ ला, अ‍ॅनालायझरवर रिझल्ट दिसला १०:२१ ला. या १०:२१ कडे नंतर परत यायचं आहे.

फोन उचलण्याआधीची दोन मिनिटं

पोटॅशियम हा फसवणारा घटक आहे. तांबड्या पेशींच्या आत ते सीरमपेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे पेशी फुटल्या की रिझल्ट खोटा वाढतो. म्हणून आधी हिमोलिसिस इंडेक्स बघायचा आणि ट्यूब एकदा डोळ्यांनीही बघायची. मग त्याच ट्यूबमधलं कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीएचं पोटॅशियमचं मीठ असतं. कोणी त्या ट्यूबमधलं रक्त सीरमच्या ट्यूबमध्ये ओतलं, तर पोटॅशियम चढतं आणि कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज दोन्ही ओढल्यासारखी खाली येतात. पोटॅशियम १२ आणि कॅल्शियम ४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर अशी जोडी दिसली, तर बहुधा हेच झालेलं असतं. मात्र थोडंसंच ईडीटीए मिसळलं असेल, तर कॅल्शियम फारसं हलत नाही. त्यामुळे 'कॅल्शियम नॉर्मल आहे' एवढ्यावर पूर्ण विसंबू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे त्याच रुग्णाचा आधीचा रिझल्ट. आपल्या उदाहरणात काल ५.४ होतं, क्रिएटिनिनही वाढत चाललेलं. हिमोलिसिस नाही, कॅल्शियम ८.८, सकाळचं क्वालिटी कंट्रोल बरोबर. रक्त घेतल्यापासून लॅबमध्ये पोचायला ३२ मिनिटं लागली, म्हणजे ट्यूब तासन्‌तास पडून राहिलेली नाही. रिझल्टवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता रिपीटचं. काही लॅबमध्ये रिपीट सक्तीचं असतं. तसं लिहिलेलं असेल तर करा, पण त्यासाठी घड्याळ थांबत नाही हे लक्षात ठेवा. माझं मत विचाराल, तर कंट्रोल ठीक, सॅम्पल ठीक आणि अ‍ॅनालायझरने कुठलाही फ्लॅग दिलेला नसेल, तेव्हा रिपीट आणि मूळ आकडा बहुतेक वेळा जवळपास सारखेच निघतात आणि मधली दहा-पंधरा मिनिटं रुग्णाच्या खात्यातून जातात. नियम आडवा येत नसेल तर ट्यूब रिपीटला लावा आणि ती चालू असतानाच फोन करा.

ट्यूब हिमोलाइज्ड निघाली तर? नवी मुलं इथे हमखास अडकतात. 'रिझल्ट भरवशाचा नाही, मग कळवायचं कशाला' असं वाटून ती सॅम्पल रिजेक्ट करतात आणि कॉम्प्युटरवर तशी नोंद टाकून मोकळी होतात. वॉर्डमध्ये ती नोंद कोणी दोन तास बघत नाही. हिमोलाइज्ड सॅम्पलमागे खरंच वाढलेलं पोटॅशियम दडलेलं असू शकतं, म्हणून फोन तेव्हाही करायचाच: 'सॅम्पल हिमोलाइज्ड आहे, पोटॅशियमवर विसंबता येत नाही, नवीन सॅम्पल लगेच पाठवा.' आकडा सांगायचा की नाही हे तुमच्या लॅबच्या धोरणात असतं, पण फोन टाळायचा नाही.

फोन कोणाला

जी व्यक्ती त्या रिझल्टवर काही करू शकते किंवा करवून घेऊ शकते, तिला. म्हणजे उपचार करणारे डॉक्टर, ड्युटीवरचे निवासी डॉक्टर, किंवा त्या रुग्णाची जबाबदारी असलेली नर्स. वॉर्ड क्लार्क, मदतनीस किंवा नातेवाईक यांच्याकडे निरोप ठेवायचा नाही. 'मी सांगते डॉक्टरांना' हे आश्वासन कितीही प्रामाणिक असलं तरी कळवणं पूर्ण झालेलं नसतं. क्लार्कने फोन उचलला तर एकच वाक्य बोलायचं: 'क्रिटिकल रिझल्ट आहे, सिस्टरना किंवा डॉक्टरांना फोनवर बोलवा, मी लाइनवर थांबते.' फोन ठेवून 'नंतर करते' म्हणायचं नाही.

प्रत्यक्ष संभाषण

आपल्या उदाहरणात १०:२६ ला पहिला फोन केला, कोणी उचलला नाही. १०:२९ ला पुन्हा केला.

'नमस्कार, बायोकेमिस्ट्री लॅबमधून बोलतेय. क्रिटिकल रिझल्ट सांगायचाय. कोण बोलतंय?'

'मी ड्युटीवरची सिस्टर.'

'सिस्टर, तुमचं पूर्ण नाव सांगा आणि लिहून घ्यायला कागद घ्या, मी थांबते.'

हा क्रम मुद्दाम असा आहे. आधी ऐकणाऱ्याची ओळख, मग कागद-पेन, मग रुग्णाची ओळख आणि सगळ्यात शेवटी आकडा. पोटॅशियम ६.९ हे शब्द कानावर पडले की समोरची व्यक्ती मनाने रुग्णाकडे धावलेली असते आणि त्यानंतर सांगितलेला नोंदणी क्रमांक कोणी नीट ऐकत नाही.

रुग्णाच्या ओळखीसाठी किमान दोन खुणा सांगायच्या: पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. पलंगाचा नंबर ही ओळख नव्हे. सकाळी पलंग बदलला असेल, तर तुमच्या यादीत अजून जुनाच नंबर असतो.

'रुग्णाचं पूर्ण नाव अमुक अमुक, नोंदणी क्रमांक चार, शून्य, सात, एक, आठ. हा रुग्ण तुमच्याकडेच आहे ना, बघा. सॅम्पल आज सकाळी नऊ दहाचं. सीरम पोटॅशियम सहा पॉइंट नऊ मिलिमोल प्रति लिटर. सॅम्पल हिमोलाइज्ड नाही. आता तुम्ही जे लिहिलंय ते मला वाचून दाखवा.'

शेवटचं वाक्य जसंच्या तसं पाठ करा. 'कळलं ना?' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं आणि त्या 'हो'मधून तुम्हाला काहीच समजत नाही. 'सहा पॉइंट नऊ, बरोबर?' असं तुम्हीच म्हणालात, तर आकडा पुन्हा तुमच्याच तोंडून निघाला, समोरच्याने फक्त होकार भरला. रीड-बॅक म्हणजे त्यांनी कागदावर लिहिलेलं त्यांच्या तोंडून वाचणं आणि तुम्ही ते आपल्या स्क्रीनवरच्या रिझल्टशी ताडून बघणं. ऐकलेलं लगेच परत म्हणणं आणि लिहिलेलं वाचणं यात फरक आहे. पहिल्यात फक्त कान तपासला जातो, दुसऱ्यात हातही. वॉर्डमधली चूक बरेचदा हाताकडून होते.

सिस्टरनी वाचलं: 'अमुक अमुक, नोंदणी क्रमांक चार, शून्य, एक, सात, आठ. पोटॅशियम सहा पॉइंट नऊ मिलिमोल.'

आकडा बरोबर आहे, क्रमांकात दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. त्या वॉर्डमध्ये त्याच आडनावाचा दुसरा रुग्ण असेल, तर पुढची इंजेक्शनं चुकीच्या रुग्णाला दिली जाऊ शकतात. अशा वेळी फक्त चुकलेला तुकडा दुरुस्त करून पुढे जाऊ नका. 'सिस्टर, क्रमांक वेगळा आला. पुन्हा पहिल्यापासून सांगते,' म्हणून नाव, क्रमांक, टेस्ट, आकडा, एकक सगळं परत सांगा आणि सगळं परत वाचून घ्या. तुकड्यातुकड्याने दुरुस्त केलं की कागदावर खाडाखोड होते आणि खाडाखोडीतला कुठला आकडा खरा हे पंधरा मिनिटांनी कोणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या वेळी सगळं जुळलं तेव्हा १०:३२ झाले होते. 'बरोबर आहे. डॉक्टरांना लगेच सांगा,' म्हणून फोन ठेवला.

आकडे उच्चारण्याबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगते. फोनवर 'सात' आणि 'साठ' एकसारखे ऐकू येतात. 'बेचाळीस' आणि 'सेहेचाळीस', 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांची गल्लत होते. इंग्रजीत बोलणाऱ्यांच्यात 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'चा घोळ तर रोजचा. म्हणून प्रत्येक अंक सुटा बोला. ग्लुकोज ४२ असेल तर 'चार, दोन'. पोटॅशियम 'साडेसहा', 'पावणेसात' असं कधीही सांगू नका. दशांश चिन्ह ठसठशीत 'पॉइंट' म्हणून उच्चारा आणि एकक कधी गाळू नका. कॅल्शियम काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही ठिकाणी मिलिमोल प्रति लिटरमध्ये, आणि एकच नमुना एका एककात ६.८, तर दुसऱ्यात १.७ असतो. नुसता आकडा ऐकून कोणीही गोंधळेल.

घड्याळ कुठून सुरू होतं

किती मिनिटांत कळवायचं याचा सगळ्या जगाला लागू असा एक आकडा नाही. लॅबच ठरवते. भरती रुग्णांसाठी पंधरा ते तीस मिनिटं आणि बाहेरच्या रुग्णांसाठी साठ मिनिटं अशी मर्यादा बऱ्याच ठिकाणी दिसते. त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की दोन टोकं कुठली धरली आहेत.

शेवटचं टोक सरळ आहे: रीड-बॅक जुळला तो क्षण. आपल्याकडे १०:३२. फोन लावला ती वेळ (१०:२९) नव्हे आणि आधीचा न उचललेला फोन (१०:२६) तर नव्हेच.

सुरुवातीच्या टोकावर मात्र मतभेद असतात. काही लॅब रिझल्ट व्हेरिफाय झाला ती वेळ धरतात, काही अ‍ॅनालायझरवर रिझल्ट आला ती वेळ. समजा आपल्या उदाहरणात व्हेरिफिकेशन १०:२४ ला झालं. एका हिशोबाने आठ मिनिटं लागली, दुसऱ्याने अकरा. इथे फरक किरकोळ आहे. पण जेवणाच्या वेळी रिझल्ट चाळीस मिनिटं स्क्रीनवर पडून राहिला, मग कोणीतरी येऊन व्हेरिफाय केला आणि तीन मिनिटांत फोन केला, तर पहिल्या हिशोबात कागदावर फक्त 'तीन मिनिटं' दिसतात. म्हणून मला अ‍ॅनालायझरची वेळ जास्त खरी वाटते. तुमच्या लॅबचा नियम वेगळा असेल तर तो पाळा, पण क्रिटिकल फ्लॅगचा रिझल्ट व्हेरिफिकेशनच्या रांगेत मागे ठेवू नका. तो आला की आधी तोच उघडायचा.

आणखी एक बारीक गोष्ट: अ‍ॅनालायझर, कॉम्प्युटर आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्यात चार-पाच मिनिटांचा फरक सर्रास असतो. मग रिझल्ट येण्याआधीच फोन झाल्याच्या नोंदी सापडतात. एकच घड्याळ ठरवा. शक्यतो कॉम्प्युटरचंच.

नोंद

नोंद फोनवर असतानाच करायची. खास वैद्यकीय लॅबसाठी असलेल्या आयएसओ १५१८९ या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत क्रिटिकल रिझल्ट कळवल्याच्या नोंदीत काय असावं हे दिलं आहे: तारीख, वेळ, कळवणारी व्यक्ती, ज्यांना कळवलं ती व्यक्ती, सांगितलेला रिझल्ट, तो बरोबर पोचल्याची खातरजमा, आणि कळवताना आलेली अडचण. शेवटची गोष्ट लोक नेमकी गाळतात.

आपली नोंद अशी दिसेल:

'आजची तारीख, रुग्णाचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक ४०७१८. सीरम पोटॅशियम ६.९ मिलिमोल प्रति लिटर, सॅम्पल ९:१०, हिमोलिसिस नाही. रिझल्ट उपलब्ध १०:२१. १०:२६ वॉर्ड एक्स्टेन्शन, उत्तर नाही. १०:२९ ड्युटी सिस्टर (पूर्ण नाव). पहिल्या रीड-बॅकमध्ये नोंदणी क्रमांक चुकला, पूर्ण माहिती पुन्हा दिली. १०:३२ रीड-बॅक बरोबर. कळवणारी व्यक्ती: (स्वतःचं नाव).'

याउलट 'वॉर्डला कळवलं, १०:३०' या नोंदीला काहीच किंमत नाही. वॉर्ड ही व्यक्ती नसते. रजिस्टर चाळताना मला सगळ्यात आधी संशय येतो तो गोल वेळांचा. सलग नोंदी १०:००, १०:१५, १०:३० अशा असतील तर ते शिफ्ट संपताना आठवून लिहिलेलं रजिस्टर असतं. 'रीड-बॅक: हो' हा रकाना सगळीकडे एकाच पेनाने, एकाच ओघात भरलेला दिसला, की तेच.

कोणीच सापडलं नाही तर

नियमात पायऱ्या लिहिलेल्या असतात: वॉर्ड, मग ड्युटीवरचे निवासी डॉक्टर, मग उपचार करणारे डॉक्टर, शेवटी लॅबचे स्वतःचे डॉक्टर. नव्या लोकांची चूक अशी की ते पहिल्याच पायरीवर सात-आठ वेळा फोन लावत बसतात. दोनदा उत्तर नाही आलं की वर जा. दोन प्रयत्नांत पाच मिनिटांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. प्रत्येक प्रयत्नाची वेळ लिहा, कारण मर्यादा ओलांडली गेलीच तर तुम्ही काय करत होता हे तिथूनच कळतं.

बाहेरच्या रुग्णाचं प्रकरण खरं अवघड. संध्याकाळी सात वाजता पोटॅशियम ६.९ येतं, फॉर्मवर दवाखान्याचा नंबर असतो आणि दवाखाना बंद. रिपोर्टची ईमेल किंवा मेसेज पाठवला म्हणजे कळवलं असं होत नाही. कोणीतरी वाचून उलट कळवलं तरच ते कळवणं. अशा वेळी मामला लगेच लॅबच्या डॉक्टरांकडे द्यायचा. रुग्णाला थेट फोन करायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं, आणि केला तर बोलायचंही त्यांनीच. तंत्रज्ञाने रुग्णाला 'तुमचं पोटॅशियम फार वाढलंय' सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, 'मग मी आता काय करू?' आणि त्याचं उत्तर तुमच्या अधिकारात नाही. हा त्रास मुळातून कमी करायचा असेल तर सॅम्पल स्वीकारतानाच डॉक्टरांचा आणि रुग्णाचा चालू मोबाइल नंबर घेतला गेला पाहिजे. ते काउंटरवरचं काम आहे, पण त्याची किंमत तुम्ही रात्री मोजता.

दोन प्रसंग जे नियमावलीत एका ओळीत असतात

पहिला, वारंवार क्रिटिकल येणारा रुग्ण. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या प्लेटलेट रोज कमीच येतात आणि वॉर्डवाले कंटाळून म्हणतात, 'अहो, आम्हाला माहीत आहे.' काही लॅबमध्ये अशा ठरावीक टेस्टसाठी 'फक्त पहिल्या वेळी कळवा' अशी लेखी सूट असते. सूट लेखी असेल तरच घ्या. फोनवर सिस्टर 'उद्यापासून नका करू' म्हणाल्या तर ती सूट नव्हे. आणि पोटॅशियम, ग्लुकोज यांसारख्या तासातासाला बदलणाऱ्या गोष्टींना अशी सूट असलेली मी तरी पाहिलेली नाही.

दुसरा, कळवून झाल्यावर रिझल्ट बदलतो. आपण ६.९ कळवलं आणि मागे लावलेलं रिपीट ५.२ आलं असं समजा. मग तुम्ही ताबडतोब लॅबच्या डॉक्टरांना सांगायचं आणि त्याच व्यक्तीला किंवा तिच्या जागी असलेल्या व्यक्तीला पुन्हा फोन करायचा. '५.२ हा सुधारित रिझल्ट आहे, १०:३२ ला सांगितलेला ६.९ धरू नका' हे वाक्य आणि त्याचाही रीड-बॅक. आता आकडा क्रिटिकल राहिलेला नाही म्हणून फोन टाळायचा नसतो, कारण तिकडे पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन आणि ग्लुकोज सुरू झालेलं असू शकतं. जुनी नोंद खोडायची नाही. ती तशीच ठेवून खाली नवी नोंद करायची, वेळ आणि कारणासकट.

शिफ्ट बदलतानाही असंच. फोन लागलेला नसलेला क्रिटिकल रिझल्ट पुढच्या व्यक्तीच्या हातात देताना तिच्यासमोर रजिस्टर उघडा, आतापर्यंतचे प्रयत्न दाखवा, आणि तिने आपल्या नावाने वेळ टाकून तो स्वीकारल्याशिवाय निघू नका.